पीएफ पासबुक: ऑगस्टच्या ओळीत पैसे निम्मे का? (आणि भाऊ सगळे काढायचे म्हणतोय)

सुरंगी (रत्नागिरी)

माझा धाकटा भाऊ मिरजोळे एमआयडीसीत मासळी प्रक्रियेच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, नोव्हेंबर २०२१ पासून. त्याने मोबाइलवर पीएफचं पासबुक उतरवून मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "बघ कंपनी कशी खाते ती." मी बेरीज-वजाबाकी करून बघितली, पण तीन रकाने तीन तऱ्हेचे. म्हणून इथे टाकतेय.

पगार असा: मूळ आणि महागाई मिळून १२,०००, शिवाय विशेष भत्ता ३,०००.

२०२४-२५ चं पान असं आहे. रकाने डावीकडून कामगार, कंपनी आणि पेन्शन.

सुरुवातीची शिल्लक: ४०,००० / १२,००० / २५,५००
दहा महिने, दर महिना: १,४४० / ४४० / १,०००
दोन महिने, दर महिना: ७२० / २२० / ५००
३१ मार्च २०२५ चं व्याज: ३,८७९ / १,१६७ / ०
अखेर: ५९,७१९ / १८,००७ / ३६,५००

प्रश्न तीन. एक, कंपनीनेही बारा टक्के भरायचे असतात ना? मग १,४४० च्या समोर ४४० कसे? दोन, निम्म्या रकमेच्या दोन ओळी जुलै आणि ऑगस्टच्या आहेत. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. बंदीत अर्धे दिवस काम असतं हे मान्य, पण ऑगस्टात तर पूर्ण काम झालं होतं. मग ऑगस्ट निम्मा का? तीन, पेन्शनच्या रकान्यात व्याजाचा शून्य का?

---

आगरदांडा

ताई, पोस्टात जाऊन पासबुक भरून घ्या, व्याज ७.१ टक्के पडलेलं दिसेल. माझंही दोन वर्षं भरून घ्यायचं राहिलं होतं, एकदम सगळ्या नोंदी आल्या. आणि पंधरा वर्षं होईपर्यंत हात लावू नका म्हणावं.

---

सुरंगी

दादा, ते पीपीएफ. हा नोकरीतला पीएफ आहे, कंपनी कापते तो.

---

आगरदांडा

अरे हो. मग माझं सोडा. पण ७.१ पेक्षा जास्त मिळतं काय ह्याला?

---

काजूगर (कुडाळ)

ह्याका ८.२५ आसा. पण सुरंगीताई, तुझो भाऊ खोटा बोलणा नाय. माका विचारशीत तर कंपनीच खाता. माझ्या मेव्हण्याचा पण असाच, ह्याचे कापतत जास्त, आपले भरतत कमी. वर पेन्शनचा व्याज पण गायब. तीन वर्सांचा व्याज म्हणजे थोडा झाला काय?

---

हिशेबनीस

लोट्याला एका कारखान्यात बरीच वर्षं पगारपत्रकं केली, आता घरी आहे. काजूगर, या पानावर कंपनीने काही खाल्लेलं दिसत नाही. निदान या तीन रकान्यांत तरी नाही.

सुरंगीताई, कंपनीच्या रकान्यातले ४४० आणि पेन्शनच्या रकान्यातले १,००० एकत्र करा. १,४४० झाले. कंपनीचे बारा टक्के हेच, फक्त ते दोन ठिकाणी जातात. ८.३३ टक्के पेन्शन योजनेत आणि उरलेले ३.६७ टक्के भावाच्या खात्यात. भावाच्या पगारातून कापलेले मात्र सगळेच्या सगळे त्याच्या खात्यात जातात. म्हणून पहिला रकाना कायम फुगलेला आणि मधला कायम रोडावलेला दिसतो. दर नव्या कामगाराला हाच संशय येतो, तुमचा भाऊ काही पहिला नाही.

पेन्शनचे पैसे मोजताना पगार १५,००० च्या वर धरत नाहीत. म्हणून एखाद्याच्या पासबुकात पगार कितीही मोठा असला तरी तिसऱ्या रकान्यात १,२५० च्या वर आकडा सहसा दिसत नाही. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. तुमच्या भावाचा पगार त्याच्या आत आहे, त्यामुळे त्याला थेट ८.३३ टक्के लागतात: १२,००० वर ९९९ रुपये ६० पैसे, पूर्णांकात १,०००.

याशिवाय कंपनी विम्याचा हप्ता आणि कार्यालयीन खर्च वेगळा भरते. तो पासबुकात येतच नाही, आणि भावाच्या पगारातून कापताही येत नाही. पगारचिठ्ठीवर पीएफच्या नावाने १,४४० पेक्षा जास्त कापलेले दिसले तर मात्र मला सांगा.

---

सुरंगी

चिठ्ठीवर १,४४० च आहेत. ती बेरीज मला सुचायला हवी होती! पण ऑगस्टचं काय?

---

हिशेबनीस

ऑगस्टच्या ओळीत नेमकं काय लिहिलंय ते अक्षरशः टाका.

---

सुरंगी

`Cont. For Due-Month 082024`

---

हिशेबनीस

मग कोडं सुटलं. हा पैसे भरायचा महिना आहे, काम केल्याचा नाही. जुलैच्या पगारावरचा पीएफ कंपनीने १५ ऑगस्टपर्यंत भरायचा असतो, म्हणून तो 082024 च्या ओळीत बसतो. जूनचा पगार तसाच 072024 मध्ये. बंदीचे दोन महिने पासबुकात एक घर पुढे सरकलेत एवढंच.

पडताळा घ्या. जूनच्या ओळीत पूर्ण १,४४० आहेत का? असतील तर ते मेच्या पगाराचे. बंदी १ जूनला लागली तरी जूनची ओळ भरलेली दिसणार आणि ऑगस्टची अर्धी. पासबुकाच्या नव्या मांडणीत पगाराचा महिना वेगळ्या रकान्यात येतो, तो असेल तर तिथे Jul-2024 लिहिलेलं सापडेल.

याच कारणाने वर्षाचं पान मार्चच्या पगाराने सुरू होतं आणि फेब्रुवारीच्या पगाराने संपतं. एप्रिल ते मार्चच्या पगारचिठ्ठ्या घेऊन ताळा करायला बसलात तर एक ओळ जास्त नि एक कमी लागते, आणि मग माणसं थेट भांडायला जातात.

---

सुरंगी

हो, जूनची ओळ पूर्ण आहे! आणि Jul-2024 पण आहे कडेला, मी ते उतरवल्याची तारीख समजत होते.

---

काजूगर

बरां, ह्या मान्य. पण व्याजाचा गणित करून बघा मगे. ४०,००० आधीचे, वर्सभरात कापलेले १५,८४०. झाले ५५,८४०. त्यावर ८.२५ म्हणजे ४,६०६ रुपये. पासबुकात ३,८७९. सातशे रुपये खय गेले? आणि पेन्शनच्या ३६,५०० वर काय?

---

हिशेबनीस

काजूगर, तुमचा दर बरोबर आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५, दोन्ही वर्षांना ८.२५ च होता. चूक फक्त एवढीच की तुम्ही सगळे १५,८४० एक एप्रिललाच खात्यात टाकलेत. ते वर्षभर थोडे थोडे आलेत.

व्याज दर महिन्याच्या शिल्लकीवर मोजतात आणि वर्षाच्या शेवटी एकदम जमा करतात. या महिन्यात भरलेल्या पैशाला पुढच्या महिन्यापासून व्याज लागतं. आता भावाचा पहिला रकाना घेऊ.

आधीचे ४०,००० वर्षभर होते, त्यांचं व्याज सरळ ३,३००.

१,४४० रुपयांना महिन्याचं व्याज ९ रुपये ९० पैसे पडतं. एप्रिलमध्ये भरलेल्या १,४४० ना मे ते मार्च असे अकरा महिने मिळाले, मेमधल्यांना दहा, असं उतरत उतरत मार्चमध्ये भरलेल्यांना शून्य. अकरापासून खाली सगळे मिळवले की ६६ महिने होतात. ६६ गुणिले ९.९० म्हणजे ६५३ रुपये ४० पैसे. पण जुलै आणि ऑगस्टच्या ओळी अर्ध्या आहेत. त्यांना अनुक्रमे आठ आणि सात महिने मिळायचे, म्हणजे पंधरा महिन्यांचे ४ रुपये ९५ पैसे दराने ७४ रुपये २५ पैसे वजा. उरले ५७९ रुपये १५ पैसे.

३,३०० अधिक ५७९, म्हणजे ३,८७९. पासबुकात तेवढेच आहेत. मधल्या रकान्याचं तसंच केलं तर ९९० अधिक १७७, म्हणजे १,१६७. तेही जुळतं. सातशे रुपये कुठे गेले नाहीत, ते कधी पिकलेच नव्हते.

चालू वर्षाच्या पानावर व्याजाची ओळ दिसत नाही म्हणून घाबरू नका. दर ठरतो, अर्थमंत्रालयाची मंजुरी येते, मग ओळ पडते, आणि हे होईपर्यंत आर्थिक वर्ष उलटून काही महिने गेलेले असतात. ओळ उशिरा पडली तरी तिच्यावर `Int. Updated upto 31/03/2025` अशी मागचीच तारीख असते, म्हणजे पुढचं व्याज त्या व्याजासकट मोजलं जातं.

---

काजूगर

६६ चा गणित लिहून ठेवलंय. मेव्हण्याचा आता बसून काढतंय. पण पेन्शनचा?

---

हिशेबनीस

तिसऱ्या रकान्यावर व्याज नसतंच. ती भावाच्या नावावरची ठेव नाही, सगळ्यांच्या सामायिक पेन्शन फंडात दिलेली वर्गणी आहे. रकान्यात फक्त किती गेले त्याची नोंद राहते. दहा वर्षं सेवा भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन, आणि ती किती हे सेवेची वर्षं आणि पगार यांवर ठरतं, या ३६,५०० वर नाही.

दहा वर्षांच्या आत सोडून पैसे मागितले तरी हा आकडा मिळत नाही. तिथे एक तक्ता आहे. तीन वर्षांच्या सेवेला पगाराच्या २.९८ पट, चार वर्षांना ३.९९ पट. थोडक्यात वर्षाला सुमारे एक पगार. म्हणून मिळणारी रक्कम रकान्यातल्या आकड्याच्या आसपास येते आणि लोकांना वाटतं तोच परत मिळाला.

---

वेंगुर्ल्याची_सून

माझंही कुणीतरी सांगा ना. लग्नाआधी मी सावंतवाडीकडे एका काजू कारखान्यात होते, नंतर वेंगुर्ल्यात दुसऱ्या. पासबुक उघडलं की वर दोन मेंबर आयडी दिसतात. पहिल्यात बावीस हजार आहेत, पण गेली कित्येक वर्षं तिथे नवीन काही नाही. पहिल्या ठिकाणी नाव माहेरचं, आधार कार्डावर सासरचं. ऑनलाइन वर्ग करायला गेलं की नाव जुळत नाही म्हणतं. कंपनीत विचारलं तर "कोल्हापूरला जा" म्हणाले. दोन लहान मुलं घेऊन आंबोली घाट चढून जायचं म्हणजे दिवस गेला.

---

तळटीप (चिपळूण)

मी सेवा केंद्र चालवतो, असे अर्ज रोज येतात. ताई, कोल्हापूरला जाण्याआधी एक करा. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाल्यांचं 'निधी आपके निकट' शिबिर प्रत्येक जिल्ह्यात भरतं. सिंधुदुर्गातलं त्या महिन्याचं ठिकाण आधी विचारून घ्या आणि लग्नाचा दाखला, आधार, दोन्ही मेंबर आयडी घेऊन जा. नावाची दुरुस्ती आधी, पैसे वर्ग करणं नंतर. उलट केलंत तर अर्ज परत येतो.

आणि पैसे वर्ग केल्याशिवाय काढू नका. वर्ग केलं की जुनी सेवा नव्या सेवेला जोडली जाते, पेन्शनच्या दहा वर्षांत ती मोजली जाते.

---

वेंगुर्ल्याची_सून

जुनी कंपनी बंद पडली आहे पण. मग सही कोण करणार?

---

सुरंगी

ताई, तुमचं वेगळ्या धाग्यावर नीट मांडा ना, इथे हरवून जाईल.

माझा खरा प्रश्न आता. भावाला कारखाना सोडायचाय. मिरकरवाड्यातला आमचा मावसभाऊ नवी बोट घेतोय, त्यात याला हिस्सा पाहिजे. म्हणतो पीएफचे सगळे काढतो, पुढच्या जूनमध्ये बंदी लागली की राजीनामा. ५९,७१९ आणि १८,००७ मिळून ७७,७२६ होतात, वर या वर्षीचे. एवढे सगळे मिळतात का?

---

डोलकर

मिळतात. राजीनामा द्यायचा, दोन महिने घरी बसायचं, फॉर्म १९ भरायचा, सगळे खात्यात. पेन्शनला फॉर्म १०सी. माझे असेच आले होते. बोट म्हटली की पैसा लागतोच, सोडू दे त्याला. कारखान्यात बर्फात हात गोठवण्यापेक्षा बरं.

---

तळटीप

डोलकर काका, तुमचं झालं ते जुन्या नियमाने. १३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाची बैठक झाली, तिथे हे बदलायचं ठरलं. नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच, पण उरलेल्या पंचवीस टक्क्यांसाठी दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबायचं. आणि पेन्शनचे पैसे दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिन्यांनी.

सुरंगीताईंच्या आकड्यावर मोजलं तर सुमारे ५८,३०० आधी आणि १९,४०० नंतर. त्यामुळे बोटीच्या मालकाला "सगळे जूनमध्ये देतो" असा शब्द भावाने देऊ नये.

---

काजूगर

म्हणजे आपलेच पैसे आणि आपणच वर्सभर थांबूचा. मी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलंय की ७५ टक्के अडकवून ठेवणार.

---

तळटीप

उलटं वाचलंत. अडकतात पंचवीस, सुटतात पंच्याहत्तर.

आणि त्याच निर्णयात भावाच्या कामाची गोष्ट आहे. नोकरीत असताना पैसे काढायला आधी तेरा वेगवेगळी कलमं होती, घराला इतकी वर्षं, लग्नाला सात वर्षं, असं. त्यात बोटीचा हिस्सा कुठेच बसत नव्हता. ती कलमं तीन गटांत गोळा करायची असं ठरलं: आजारपण-शिक्षण-लग्न, घर, आणि विशेष परिस्थिती. शेवटच्या गटात कारण सांगायला नको. सगळ्यांना सेवेची अट एकच, बारा महिने. कंपनीचा हिस्साही धरायचा, फक्त पंचवीस टक्के शिल्लक ठेवायची. म्हणजे राजीनामा न देताही जवळजवळ तेवढेच पैसे हातात येतात.

पण निर्णय म्हणजे पोर्टल नव्हे. माझा रिवाज असा की अर्जदाराच्या खात्यात शिरून त्या दिवशी अर्जात कुठले पर्याय उघडतात ते आधी बघायचं, मगच त्याला आकडा सांगायचा. भावाचंही तसंच करा.

---

डोलकर

मग सोडायचं कशाला! पंच्याहत्तर टक्के काढ, हिस्सा घे, नोकरी चालू ठेव.

---

सुरंगी

काका, बोटीवर जायचंय त्याला. नुसते पैसे घालायचे नाहीत.

---

हिशेबनीस

मग तारखेचं बघा. नोव्हेंबर २०२१ ची भरती म्हणजे जून २०२६ ला चार वर्षं सात महिने होतात. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र धरतात, आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असली की दहा टक्के टीडीएस आधीच कापतात, तोही पॅन जोडलेला असेल तर. पॅन नसेल तर वीस.

आता यात घाबरण्याइतकं किती आहे तेही सांगतो. भावाचं वर्षाचं उत्पन्न कर लागण्याइतकं नाही. तेव्हा अर्जासोबत उत्पन्न करपात्र नसल्याचा घोषणा-फॉर्म जोडला तर टीडीएस कापणार नाहीत. विसरला तर सात-आठ हजार कापले जातील आणि ते परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागेल. पैसे बुडत नाहीत, पण बोटीच्या हप्त्याच्या वेळी हातात नसतात. मी असतो तर नोव्हेंबर २०२६ पर्यंत कारखान्यात राहिलो असतो. मावसभावाची बोट थांबणार नाही हेही कळतं मला.

पेन्शनचं तर काढायला सांगणारच नाही. त्याऐवजी योजनेचा दाखला घेता येतो, स्कीम सर्टिफिकेट म्हणतात त्याला. उद्या समुद्र नको झाला आणि परत कारखान्यात आला, तर ही साडेचार वर्षं पुढच्या सेवेला जोडता येतात. काढले की मीटर शून्यावर.

---

वेंगुर्ल्याची_सून

आणि विमा? आमच्या कारखान्यातली एक बाई वारली तेव्हा घरच्यांना पीएफकडून विम्याचे पैसे आले होते, कुणालाच माहीत नव्हतं असं काही असतं ते.

---

हिशेबनीस

बरी आठवण केलीत. कंपनी जो वेगळा हप्ता भरते म्हटलं तो हाच. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला कमाल सात लाखांपर्यंत. नोकरी सुटली की हे छत्र गेलं. बोटीवर जाणाऱ्या माणसाने मच्छीमारांच्या गट विम्याची चौकशी सोसायटीत आधी करावी. आणि तोवर पोर्टलवर ई-नामनिर्देशन भरलंय का ते बघा, बहुतेकांचं रिकामं असतं.

---

काजूगर

एक गोष्ट सगळे इसारले. तो विशेष भत्ता ३,०००. त्यावर पीएफ कापूक होयो ना? सुप्रीम कोर्टाचो निकाल आसा. म्हणजे कंपनीन खाल्ल्यानच!

---

हिशेबनीस

इथे तुम्ही बरेचसे बरोबर आहात. २८ फेब्रुवारी २०१९ चा निकाल. सगळ्यांना सरसकट आणि नियमित मिळणारा भत्ता मूळ पगाराचाच भाग धरायचा, नाव काहीही द्या. जादा काम केल्याबद्दल किंवा उत्पादनाशी जोडून मिळणारा भत्ता वेगळा. घरभाडं कायद्यातच वगळलंय.

भावाचे तीन हजार कशाचे ते कळलं पाहिजे. धरले तर पगार नेमका १५,००० होतो, मग कामगाराचे १,८००, पेन्शनचे १,२५०, कंपनीचे ५५०. खात्यात दर महिना ४७० जास्त पडतील, पण त्यातले ३६० त्याच्याच हातातल्या पगारातून जातील.

---

पगारपत्रक

मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे, म्हणून दुसरी बाजू. कामगारच येऊन सांगतात की साहेब पीएफ कमी कापा, हातात जास्त द्या. शिवाय आमच्याकडे 'विशेष भत्ता' नावाखाली पाळीचा भत्ता देतात, तो रात्रपाळीवाल्यांनाच मिळतो. नावावरून ठरवू नका.

---

काजूगर

कामगार सांगतत म्हणून कायदो बदलता काय?

---

पगारपत्रक

नाही बदलत. पण तक्रार करताना पुरावा लागतो. एकट्याची पगारचिठ्ठी पुरणार नाही, सरसकट सगळ्यांना मिळतो हे दाखवावं लागेल.

---

सुरंगी

भावाशी बोलले. भत्ता पॅकिंगच्या सगळ्यांना मिळतो म्हणाला, पण बंदीच्या दोन महिन्यांत मिळत नाही. आता हा नियमित की अनियमित?

---

हिशेबनीस

अवघड जागेवर बोट ठेवलंत. बंदीत हजेरीप्रमाणे अर्धा मिळत असता तर मी ठामपणे धरला असता. अजिबात मिळत नाही म्हटल्यावर कंपनी म्हणेल की हा हंगामातल्या कामाच्या ताणाचा आहे. याचा निवाडा पीएफ कार्यालयच करू शकेल, आपण नाही.

---

पगारपत्रक

माझ्या मते धरता येणार नाही.

---

काजूगर

माझ्या मते धरूकच होयो.

---

तळटीप

ते चालू द्या. ताई, जाण्याआधी एक शेवटचं, कारण माझ्याकडे याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. नोकरी सोडल्याची तारीख. ती कंपनीने पोर्टलवर भरली नाही तर फॉर्म १९ उघडतच नाही. तुमच्याकडच्या कारखान्यांत बंदीला माणसं कमी होतात आणि ऑगस्टात परत येतात, म्हणून जूनमध्ये गेलेल्याची तारीख भरायची कुणाला घाईच नसते. भावाला राजीनामा लेखी द्यायला सांगा आणि पोच घ्यायला सांगा. कंपनीने तारीख भरली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी त्याला स्वतः `Mark Exit` मधून भरता येते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.

तोवर दर महिन्याला वीस तारखेच्या सुमारास `EPFOHO UAN MAR` असा एसएमएस नोंदवलेल्या नंबरवरून 7738299899 ला टाकत जाऊ दे. शेवटचा भरणा आणि शिल्लक मराठीत येते. भरणा सलग दोन महिने पुढे सरकला नाही तर कंपनीत विचारायचं, आणि उत्तर नाही मिळालं तर EPFiGMS वर तक्रार.

---

सुरंगी

आताच टाकला एसएमएस त्याच्या फोनवरून. मागच्या महिन्यापर्यंतचा भरणा आलाय. नामनिर्देशन मात्र खरंच रिकामं आहे, आणि आधारला जोडलेला नंबर आमच्या बाबांचा निघाला. उद्या आधार केंद्रात जातोय. राजीनामा जून की नोव्हेंबर यावर मावसभावाशी बोलणं व्हायचंय, तो म्हणतो बोट नारळी पौर्णिमेला पाण्यात जाणार.

---

डोलकर

हिस्सा किती टाकतोय तो? आणि इंजिन नवं की जुनं?